ज्वालामुखीच्या छेदाचा व्हिडिओ: प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं आणि काय आधी स्वतः काढायचं

प्रश्न: मी नववीला भूगोल शिकवते. ज्वालामुखीचा उभा छेद आणि त्यातून वर चढणारा शिलारस, असा आठ-दहा सेकंदांचा स्वच्छ शैक्षणिक ॲनिमेशनसारखा व्हिडिओ एआयकडून करून घ्यायचा आहे. दहा-बारा वेळा प्रॉम्प्ट बदलून पाहिला. दरवेळी दिसतं छान, पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. प्रॉम्प्ट नेमका कसा लिहू?

उत्तर:

तुमचा प्रॉम्प्ट साधारण असा असणार:

```
Volcano cross-section, magma rising,
clean educational animation style
```

मीही सुरुवात इथूनच केली होती. एवढ्याच शब्दांवर एआय त्याने पाहिलेल्या शेकडो ज्वालामुखींच्या चित्रांची सरासरी काढून देतं. हिरव्या जमिनीवर त्रिकोणी डोंगर, पोटात लाल रसाची टाकी, टाकीतून वर सरळ नळी, टोकाला धूर आणि पहिल्या सेकंदापासून उडणारं कारंजं. माझ्या एका क्लिपमध्ये ती नळी थेट पृथ्वीच्या गाभ्यातून निघाली होती. रंग, छाया सगळं सुरेख होतं. वर्गात दाखवल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सगळा लाल रस बाहेर आला की डोंगर आतून पोकळ होतो का?" तिने चित्राचा अर्थ बरोबर लावला होता, चित्रच चुकलं होतं.

तेव्हापासून मी सर्वसाधारण ज्वालामुखी मागत नाही, नावाचा एकच ज्वालामुखी घेतो. नाव घेतलं की त्याचं माप येतं, आजूबाजूला काय आहे ते येतं आणि उद्रेक कसा होतो तेही ठरतं. आपल्या मुलांसाठी माझी निवड अंदमानातलं बॅरन बेट. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी, श्री विजय पुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची आहे. एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला, दीडेकशे वर्षं गप्प राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्यानंतर तो अधूनमधून उसळत असतो.

बॅरन घेतलं की पहिल्यांदा मोडतं ते हिरव्या जमिनीवरच्या त्रिकोणी डोंगराचं चित्र. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे आणि शिखर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. पण या डोंगराचा पाया पाण्याखाली सुमारे सव्वादोन किलोमीटर खोल आहे. म्हणजे दोन हजार सहाशे मीटरच्या पहाडाचं फक्त टोक आपल्याला दिसतं. मुलांना हे तोंडी सांगितलं तर ती मान डोलावतात. छेदात निळं पाणी आणि त्यात बुडालेला डोंगर दिसला की मात्र लगेच प्रश्न येतो, "मग पाणी आत का शिरत नाही?" त्या प्रश्नावर अर्धा तास निघतो.

प्रॉम्प्टला हात घालण्याआधी कागदावर प्रमाण ठरवा. बहुतेक क्लिप इथेच फसतात. शिलारस कुठून येतो हेही दाखवायचं आणि तो विवरातून बाहेर पडतो हेही दाखवायचं, असं एकाच चौकटीत होत नाही. गणित करून पाहा. अशा बेटांखाली खाली सरकणारा भूपट्ट साधारण शंभर किलोमीटर खोलीवर असतो. पडदा १०८० पिक्सेल उंच. शंभर किलोमीटर त्यात बसवले तर किलोमीटरला जेमतेम अकरा पिक्सेल येतात. बॅरनचा पायापासूनचा अख्खा डोंगर होतो अठ्ठावीस पिक्सेलचा आणि पाण्यावरचा भाग चार पिक्सेलचाही नाही. हे बसवण्यासाठी एआय डोंगर तीसपट फुगवतं आणि मुलांच्या डोक्यात शंभर किलोमीटर आणि साडेतीनशे मीटर एकाच मापाचे होऊन बसतात.

म्हणून खोलवरचा भाग मी फळ्यावर खडूने काढतो, त्याचा व्हिडिओ करत नाही. तिथे सांगायचं असतं ते थोडक्यात असं: भारतीय भूपट्ट पूर्वेकडे बर्मी भूपट्टाखाली सरकतो, जाताना सागरतळाच्या खडकांत मुरलेलं पाणी बरोबर नेतो. खोलवर ते पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरतं आणि पाण्यामुळे त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. खडकाचा थोडासा भाग वितळतो. वितळलेला रस आजूबाजूच्या घन खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर सरकू लागतो. "घर्षणाने भूपट्ट वितळतो" हे वाक्य बऱ्याच वह्यांमध्ये दिसतं, तेवढं इथेच खोडा. आणि प्रावरण म्हणजे लाल रसाचा समुद्र नव्हे, तो घन खडक आहे, हेही याच वेळी सांगून टाका. एआयचं चित्र हा समज हमखास पक्का करतं, कारण त्याला खालचा प्रत्येक थर पेटलेला दाखवायची सवय आहे.

व्हिडिओसाठी मी फक्त वरचा सव्वा किलोमीटर घेतो. खरी हालचाल दिसण्यासारखी आहे ती तिथेच.

आता चौकट. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर किलोमीटरला ८०० पिक्सेल धरा. रुंदी २.४ किलोमीटर होते, उंची १.३५. समुद्रसपाटीची रेषा वरून ३६० पिक्सेलवर आखा. वर साडेचारशे मीटर आकाशासह जागा मिळते, खाली नऊशे मीटर खडक. बॅरनला सुमारे दोन किलोमीटर रुंदीचं जुनं कोसळविवर आहे, म्हणजे कॅल्डेरा. तो या चौकटीत जवळजवळ काठोकाठ बसतो. छेद पश्चिम-पूर्व घ्या, पश्चिम डावीकडे. कारण या कॅल्डेऱ्याची भिंत पश्चिमेला फुटलेली आहे आणि तिथून लाव्हारस समुद्रापर्यंत गेलेला आहे. त्यामुळे डाव्या काठाला समुद्र, उजव्या काठाला अडीचशे ते साडेतीनशे मीटर उंचीची जुनी भिंत आणि मधोमध नवा शंकू, अशी असमान, ओळखू येणारी आकृती तयार होते. दोन्ही बाजूंना सारखा त्रिकोण निघाला की समजायचं, एआयने आपलं जुनं चित्र परत काढलं.

हे पहिलं चित्र एआयला काढायला सांगू नका. स्वतः काढा. इंकस्केपसारख्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, नाहीतर सादरीकरणाच्या स्लाइडवर आकार जोडून काढा, सपाट रंगांत. मला दीड तास लागतो, पहिल्यांदा तीन लागले होते. या चित्रात एका गोष्टीवर वेळ घालवणं सार्थकी लागतं: थरांचा कल. अशा डोंगरातले थर मुखातून बाहेर पडलेल्या राखेचे आणि लाव्ह्याचे असतात, म्हणून ते मुखापासून बाहेरच्या बाजूला उतरत जातात, छपरावरच्या कौलांसारखे. एआय ते केकसारखे आडवे काढतं. आडव्या थरांचा डोंगर म्हणजे आपला सह्याद्री, बॅरन नव्हे. बॅरनच्या छेदात थरांचे तीन गट दिसायला हवेत. उजव्या भिंतीतले जुने थर पूर्वेकडे म्हणजे चौकटीबाहेर उतरतात आणि कॅल्डेऱ्याच्या बाजूला कापल्यासारखे अचानक संपतात, कारण पूर्वीचा मोठा डोंगर तिथे कोसळला. मधल्या नव्या शंकूचे थर त्याच्या स्वतःच्या मुखापासून दोन्हीकडे उतरतात. आणि दोघांच्या मधल्या तळावर लाव्ह्याचे बऱ्यापैकी सपाट थर साचलेले असतात. मुलांना ही तीन गटांची भानगड चटकन कळते, कोण आधी, कोण नंतर ते ती थर पाहून सांगतात.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं उत्तरही इथेच आहे. जमिनीखालचा साठा म्हणजे रसाने भरलेली पोकळ टाकी नसते. तो बराचसा स्फटिकांचा गाळ असतो आणि त्याच्या फटींत रस. बर्फाच्या गोळ्यात सरबत मुरलेलं असतं तसं. एका उद्रेकात त्यातला थोडाच रस निघतो. खूप मोठा उद्रेक झाला आणि एकदम पुष्कळ रस निघून गेला, तर वरचं छत खचतं आणि कॅल्डेरा तयार होतो. पोकळी उरत नाही, छतच खाली बसतं. म्हणून मी चित्रात साठा काढतच नाही. शिलारस चौकटीच्या तळाच्या कडेतून येतो, बस. लाल फुगा एकदा काढला की पुढची पाच वर्षं तो मुलांच्या उत्तरपत्रिकांतून काढून टाकता येत नाही.

नळीच्या रुंदीचं मात्र खोटं बोलावं लागतं. नळी पाच मीटर रुंद धरली तरी आपल्या प्रमाणात ती चार पिक्सेल होते. वर्गातल्या प्रोजेक्टरवर ती दिसणारच नाही. मी ४० पिक्सेल काढतो आणि खाली कोपऱ्यात लिहितो, "नळी दहापट रुंद दाखवली आहे". एवढी कबुली पुरते.

आता हालचालीकडे. "शिलारस वर चढतोय" एवढंच लिहिलं की एआय लाल रंग वर सरकवतं, थर्मामीटरमधला पारा चढावा तसा. यात खोटं काही नाही, पण उद्रेक का होतो ते त्यातून कळत नाही. शेवटच्या टप्प्यातला सगळा खेळ बुडबुड्यांचा आहे. शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. खोलवर दाब जास्त, म्हणून ते विरघळूनच राहतात. वर येताना दाब कमी होतो, ते बाहेर पडतात, बुडबुडे होतात, रस आणखी हलका होतो आणि आणखी जोराने वर येतो. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण सगळेच देतात. पण ते आकड्यांत मांडून दाखवलं तर प्रॉम्प्ट कसा लिहायचा तेही कळतं.

मुखाखाली एक किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार सुमारे २६० वातावरणांइतका असतो. शंभर मीटरवर साधारण २७, आपलं हवेचं एक धरून. मुखाशी एक. तेवढाच वायू एकाच तापमानाला धरला तर दाब जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने बुडबुड्याचं आकारमान वाढतं. एक किलोमीटरवरून शंभर मीटरवर येईपर्यंत आकारमान साधारण दहापट होतं, म्हणजे व्यास जेमतेम दुप्पट. उरलेल्या शंभर मीटरमध्ये आकारमान २७पट, म्हणजे व्यास तिप्पट. आपल्या चित्रात मुखाखाली एक किलोमीटरवर २ पिक्सेलचा ठिपका काढला तर नऊशे मीटर चढून तो चारच्या थोडा वर जातो आणि शेवटच्या ऐंशी पिक्सेलमध्ये चारवरून तेरावर उडी मारतो. प्रत्यक्षात वाटेत नवा वायूही सुटत असतो, त्यामुळे फुगणं याहून जास्तच. तेव्हा क्लिपमध्ये दिसायला हवं ते असं: बराच वेळ फारसं काही नाही, आणि अगदी टोकाशी एकदम गर्दी. एआय स्वतःहून बुडबुडे काढतं ते सगळे एका मापाचे, तळापासून माथ्यापर्यंत समान अंतरावर, मत्स्यालयातल्या पंपासारखे.

पुढे काय होतं ते त्या ज्वालामुखीवर अवलंबून. बॅरनचा रस बेसाल्टी जातीचा, पातळसर. त्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठा बुडबुडा बनतो, तो मुखाशी येऊन फुटतो आणि लाव्ह्याचे गोळे उडवतो. मग जरा शांतता, मग पुन्हा. इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटावरून या प्रकाराला स्ट्रॉम्बोलियन म्हणतात. रस दाट, चिकट असेल तर बुडबुडे सुटत नाहीत, अख्ख्या रसाचा फेस होतो आणि तो फेस नळीतच फुटून राखेचा लोट होतो. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचं १९९१ मध्ये तसं झालं, नेमकं बॅरन जागं झालं त्याच वर्षी. म्हणून खालचा प्रॉम्प्ट पिनाटुबोला चालणार नाही, तिथे "मोठा बुडबुडा फुटतो" हे वाक्यच काढावं लागेल.

माझा सध्याचा प्रॉम्प्ट असा आहे. स्वतःचं चित्र पहिली चौकट म्हणून चढवायचं आणि खाली हे लिहायचं:

```
Use the uploaded image as the first frame.
Flat 2D vector cross-section, side view, locked camera,
no zoom, no cut. Rock layers, coastline and sea stay still.
Only this moves: orange magma rises slowly inside the narrow
central conduit, from the bottom edge up to the crater.
Bubbles in it are tiny dots for most of the way and swell
sharply only just below the crater. There one large bubble
bursts and throws a few orange blobs that fall on the cone,
with a small grey ash puff. Quiet pause, then one more burst.
No text.
```

इंग्रजीत लिहितो कारण माझ्या अनुभवात मराठी प्रॉम्प्टमध्ये "नळी" आणि "मुख" यांचा गोंधळ होतो. एकदा मुखाच्या जागी डोंगराला खरोखर तोंड आलं होतं. मुलं खूश, मी नाही.

या प्रॉम्प्टमध्ये दिसण्याबद्दल एकच ओळ आहे, बाकी सगळं कोण हलतं आणि कोण हलत नाही याबद्दल. दिसणं चित्राने आधीच ठरवलेलं आहे. "क्लीन एज्युकेशनल स्टाइल" हे शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण त्यावर एआय चकचकीत, गोलाईदार त्रिमितीय मॉडेल देतं, केकचा तुकडा कापून ठेवल्यासारखं. त्यात लाल रस कापलेल्या भिंतीवरून ओघळतानाही पाहिलाय. सपाट छेद हवा असेल तर सपाट, बाजूने, कॅमेरा स्थिर, एवढंच सांगा. उद्रेकही दोनच मागा. सात-आठ सेकंदांत तिसरा कोंबला की कारंजंच होतं.

क्लिप हाती आल्यावर ती चालू करून पाहू नका. चालू असताना डोळा फसतो. मी आधी ffmpeg या व्हिडिओ हाताळायच्या प्रोग्रॅमला खालची आज्ञा देऊन सेकंदाला दोन चौकटी काढतो आणि सोळा एकत्र एका पानावर घेतो:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "fps=2,scale=480:-1,tile=4x4" -frames:v 1 sheet.png
```

आठ सेकंदांची क्लिप एका पानावर येते. मग बोट ठेवून तपासायचं. समुद्रसपाटीची रेषा पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत एकाच उंचीवर आहे का? नसेल तर कॅमेरा सरकला, क्लिप फेका, दुरुस्त होत नाही. उजव्या भिंतीतले थर तेवढेच आहेत का, की मध्येच एक वाढला? रस तळाच्या कडेपासून अखंड आहे का, की मधूनच उगवला? एखादा बुडबुडा निवडा आणि पुढच्या चौकटीत तो कुठे गेला पाहा. बुडबुडे खाली जाणं हा नेहमीचा दोष आहे आणि चालू क्लिपमध्ये तो अजिबात कळत नाही. शेवटी डावीकडचा किनारा: खडकातून नारिंगी रंग समुद्रात झिरपलेला दिसला तर तीही क्लिप बाद.

खडक हलण्याचा दोष मात्र फेकून न देता झाकता येतो, आणि ही युक्ती मला दोन वर्षांनी सुचली याचं वाईट वाटतं. आपल्या चित्रात नळी, मुख आणि आकाश सोडून बाकी सगळं स्थिरच राहायचं आहे. मग तेच मूळ चित्र, नळी आणि मुखापासून वरचा भाग पारदर्शक करून, पीएनजी म्हणून साठवा आणि क्लिपवर ठेवून द्या. शंकूच्या उतारावर गोळे पडतात तेवढी पट्टीही मोकळी ठेवा. दोन्हींचं माप पिक्सेलला पिक्सेल सारखं हवं.

```
ffmpeg -i clip.mp4 -i cover.png -filter_complex overlay out.mp4
```

आता एआयने खडकात काहीही वळवळ केलेली असो, ती झाकली गेली. दिसतं ते तुमचं चित्र आणि त्यातल्या खिडकीतून एआयची हालचाल. कॅमेरा सरकलेला असेल तर मात्र याचा उपयोग नाही, खिडकी एकीकडे आणि नळी दुसरीकडे जाते. म्हणूनच रेषेची तपासणी आधी.

नावं नेहमी नंतर, व्हिडिओ संपादकात टाका. देवनागरी जोडाक्षरं एआयच्या चित्रात अजूनही विस्कटतात. "ज्वालामुखी"मधला ज्व मी आजवर चार वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे, एकही बरोबर नव्हता. आणि शब्द पुस्तकातलेच घ्या: जमिनीखाली शिलारस, बाहेर पडला की लाव्हारस. मी "शिलारस" हा शब्द नळीत ठेवतो आणि पहिला गोळा उडतो त्या क्षणी मुखाबाहेर "लाव्हारस" उमटवतो. व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

रंगाबद्दल मुलं विचारतील, कारण बॅरनचे फोटो शोधले तर बऱ्याच ठिकाणी नुसता राखाडी धूर दिसतो. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ सिंधु संकल्प या जहाजावरून त्या भागात काम करत होते, तेव्हा बेट उसळताना त्यांना दिसलं. दिवसा राखेचे ढग तेवढे दिसले. सूर्य मावळल्यावर मुखातून उडणारी लाल कारंजी दिसली. उद्रेक तोच, उजेड वेगळा. छेदातला नारिंगी रंग ही आपली खूण आहे, नकाशात पाणी निळं रंगवतो तशी. मी आकाश संध्याकाळचं, गडद निळं ठेवतो, म्हणजे राखही दिसते आणि गोळेही.

दुसरा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात येतो: "मग आपल्या सह्याद्रीचं मुख कुठे आहे?" ही क्लिप तिथे दाखवू नका. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांमधून बाहेर आला आणि सपाट पसरत गेला, थरावर थर. मधोमध नळी आणि तिच्याभोवती शंकू, हे चित्र तिथे लागू पडत नाही. शिलारस भेगांमध्ये थिजून बनलेल्या भिंती धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून सरळ रेषेत उभ्या दिसतात. त्याचा व्हिडिओ करायचा तर चित्र पहिल्यापासून वेगळं काढावं लागेल: आडवे थर, उभी अरुंद भेग, शंकू नाही. प्रॉम्प्टमधला "कॉन्ड्युइट" बदलून "फिशर" केला आणि चित्र बॅरनचंच ठेवलं, तर एआय डोंगराला उभी चीर पाडून देतं. हे करून पाहिलेलं आहे.

वर्गात मी क्लिप एका सलग दमात चालवत नाही. बुडबुडे मुखाखाली शंभर मीटरवर, म्हणजे ऐंशी पिक्सेलवर आले की थांबवतो आणि वहीत पुढचा बुडबुडा काढायला सांगतो, मुखाशी तो केवढा होईल तेवढा. बहुतेक मुलं थोडासाच मोठा काढतात, कारण तोवर त्यांनी नऊशे मीटर फारसं काही न होताना पाहिलेलं असतं. मग २६०, २७ आणि १ हे तीन आकडे फळ्यावर लिहितो, भागाकार त्यांनाच करायला लावतो आणि क्लिप पुढे सोडतो.